‘व्हीपीएन चालत नाही’ एवढंच लिहू नका

शाळेत आपल्याला औपचारिक पत्र लिहायला शिकवलं होतं. प्रति, विषय, महोदय, ‘वरील विषयास अनुसरून’, आणि शेवटी ‘आपला विश्वासू’. मायना चुकला की गुण जायचे. मजकूर काय लिहायचा याकडे मात्र आपलं फारसं लक्ष नसायचं, कारण तो पाठ केलेला असायचा.

गेली काही वर्षं मी हैदराबादेत एका कंपनीच्या हेल्पडेस्कवर काम करतो. म्हणजे रोज पत्रं वाचणं हाच माझा धंदा. आणि त्यांतलं सगळ्यांत जास्त वेळा येणारं पत्र असं असतं:

“व्हीपीएन चालत नाहीये. खूप अर्जंट आहे. प्लीज लवकर बघा.”

मायना ठीक, नम्रपणा ठीक, पण मजकूर शून्य. तुमच्यापैकी बरेच जण दोन-तीन वर्षांत घरून लॅपटॉप उघडून ऑफिसचं काम करणार आहात. कोणी इंटर्नशिपला आताच करत असाल. तेव्हा हे एक पत्र नीट लिहायला शिका. आपल्याच कॉलेजातून निघालेल्या एका मुलीची गोष्ट सांगतो, म्हणजे ‘नीट’ म्हणजे काय ते कळेल.

एक सोमवार वाया गेला

ही मुलगी आमच्याच कंपनीत अकाउंट्समध्ये नवीन लागलेली. काचीगुड्याला राहते. महिन्याची २९ तारीख, सोमवार. कंत्राटी लोकांच्या, म्हणजे सिक्युरिटी, कॅन्टीन, सफाई यांच्या हजेरीवरून पगाराची यादी करायची आणि ३० तारखेला दुपारी ४ च्या आत बँकेकडे पाठवायची, हे तिचं काम. वेळ चुकली की पगार पुढच्या खेपेत, म्हणजे तीन दिवसांनी. महिन्याच्या पगारावर घर चालवणाऱ्या माणसाला तीन दिवस फार असतात.

सकाळी तिने घरून व्हीपीएन लावला आणि तिला हजेरीचं फोल्डर उघडेना. तिने १० वाजता वर दिलंय तसंच पत्र पाठवलं. आमच्याकडे अशा तक्रारींमध्ये पासवर्डची भानगड बरेचदा निघते, म्हणून ड्यूटीवरच्या मुलाने तिचा पासवर्ड बदलून दिला. झालं असं, की तिच्या लॅपटॉपवर जुना पासवर्ड साठवलेला होता. आता तर व्हीपीएन लागायचाच बंद झाला! आधी एक बिघाड होता, त्याचे दोन झाले. मग इकडून प्रश्न, दोन तासांनी तिकडून उत्तर, पुन्हा प्रश्न. संध्याकाळी ६ ला तिचा मला फोन. “दादा, दिवसभर कोणी बघितलंच नाही हो माझ्याकडे.”

बघितलं होतं. पण अंधारात बघितलं होतं.

पाच दारं

व्हीपीएन म्हणजे तुमचा लॅपटॉप आणि ऑफिसचं नेटवर्क यांच्यामध्ये इंटरनेटवरून तयार होणारी एक बंद वाट. बाहेरच्याला आत काय चाललंय ते दिसत नाही. या वाटेवर एकामागून एक पाच दारं आहेत असं समजा.

पहिलं दार तुमच्या घरचं: इंटरनेट चालू आहे का? दुसरं कंपनीचं फाटक: तुमचा लॅपटॉप कंपनीच्या व्हीपीएन सर्व्हरपर्यंत पोचतो का? तिसऱ्या दारावर पहारेकरी: नाव, पासवर्ड आणि मोबाईलवरचा कोड बरोबर आहे का? चौथं दार म्हणजे वाट खरोखर जोडली जाणं. इथे स्क्रीनवर Connected दिसतं. आणि पाचवं आतलं: ज्या कामासाठी गेलात ते फोल्डर, ती साइट, तो प्रोग्राम सापडतो आणि उघडतो का?

ही पाचही दारं बंद असली तर माणूस एकच वाक्य लिहितो, ‘व्हीपीएन चालत नाही’. पण प्रत्येक दाराची दुरुस्ती वेगळी आणि बऱ्याच ठिकाणी ती करणारा माणूसही वेगळा. तिसऱ्या दाराचं काम पासवर्ड बघणाऱ्याकडे, दुसऱ्याचं आणि पाचव्याचं नेटवर्कवाल्याकडे, पहिल्याचं तर तुमच्या केबलवाल्याकडे. म्हणून तुमच्या पत्राचं खरं काम एकच आहे: कुठल्या दारापर्यंत पोचलो आणि कुठे अडलो, हे वाचणाऱ्याला कळलं पाहिजे. बिघाड काय आहे ते तुम्ही शोधायचं नाही. डॉक्टरकडे जाऊन आपण ‘मला अमुक रोग झालाय’ म्हणत नाही. कुठे दुखतं, कधीपासून, काय खाल्लं ते सांगतो. तसंच इथे.

गंमत म्हणजे या मुलीचा व्हीपीएन सोमवारी सकाळी चालत होता! Connected असं हिरव्या अक्षरांत दिसत होतं. तिला दिसलं होतं ‘फोल्डर उघडत नाही’, आणि तिने लिहिला स्वतःचा निष्कर्ष, ‘व्हीपीएन चालत नाही’. त्या निष्कर्षावर विसंबून आम्ही तिसऱ्या दाराचं कुलूप बदललं. अडकली होती ती पाचव्या दाराशी.

मी तिला काय विचारलं

फोनवर मी तिला उपाय सांगितला नाही, कारण मलाही माहीत नव्हता. प्रश्न विचारले.

पहिला प्रश्न: स्क्रीनवर नेमकं काय लिहून आलं? “काहीतरी एरर आली” याला किंमत नाही. आकडे आणि अक्षरं जशीच्या तशी हवीत. विंडोजमध्ये आधीपासून असलेला व्हीपीएन वापरत असाल आणि 809 हा आकडा आला, तर अर्थ असा की समोरून उत्तरच आलं नाही. दुसरं दार, मधला कुठलातरी फायरवॉल अडवत असणार. तोच आकडा 691 असेल तर फाटकापर्यंत पोचलात, पण पहारेकऱ्याने ओळख नाकारली, तिसरं दार. एका आकड्यात एवढा फरक. म्हणून एररची ओळ कॉपी करून मजकूर म्हणून पाठवा, सोबत स्क्रीनशॉट जोडा. मोबाईलने काढलेला तिरका फोटो पाठवलात तर आम्हाला तो आकडा शोधायला पुन्हा हाताने टाइप करावा लागतो, आणि शून्याचा ‘ओ’ होतो. आकडाच नसेल, तर निदान एवढं लिहा: नकार लगेच आला की अर्धा मिनिट गोल फिरून आला? मोबाईलवर कोड आला का? बहुतेक ठिकाणी, कोड आला म्हणजे दुसरं दार उघडलं होतं.

दुसरा प्रश्न: नेमकं किती वाजता? ‘सकाळी’ नाही, ‘मघाशी’ नाही. व्हीपीएन सर्व्हर प्रत्येक प्रयत्नाची नोंद ठेवतो. शेकडो लोकांच्या हजारो ओळी असतात. तुम्ही ‘९ वाजून १२ मिनिटं’ लिहिलंत तर मी सरळ त्या ओळीवर जातो. त्यात आमच्या नोंदी आंतरराष्ट्रीय वेळेत असतात, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. तुमचे ९:१२ तिथे ३:४२ असतात. म्हणून ‘भारतीय वेळ’ हे दोन शब्दही घाला, विशेषतः हेल्पडेस्क दुसऱ्या देशात असेल तर. आणि ‘काल’, ‘आज’ टाळून तारीख लिहा. तुमचं पत्र कोणी दुसऱ्या दिवशी उघडलं की ‘आज’चा अर्थ बदलतो.

तिसरा: शेवटचं कधी चाललं, आणि त्यानंतर काय बदललं? इथे ती म्हणाली, “शुक्रवारी चाललं होतं. बदललं काहीच नाही.” मग जरा थांबून म्हणाली, “हां, रविवारी घरी नवीन ब्रॉडबँड बसवलं. पण इंटरनेट तर छान चालतंय, स्पीडटेस्टचा फोटो पाठवू का?” स्पीडचा फोटो नको होता, अशा बिघाडात त्याचा सहसा उपयोग नसतो. पण नवीन ब्रॉडबँड ही सबंध दिवसातली सगळ्यांत मोलाची बातमी होती, आणि ती ‘काहीच नाही’च्या पाठीमागे लपली होती. लोक खोटं बोलत नाहीत. त्यांना तो बदल व्हीपीएनशी जोडावासा वाटत नाही एवढंच. तुम्ही जोडू नका, फक्त लिहा.

चौथा: काय चालतं आणि काय चालत नाही? नुसत्या बंद गोष्टींची यादी दिली की चित्र अर्धंच राहतं. तिची सुट्ट्यांची ऑफिसची साइट उघडत होती, फोल्डर नाही. मी तिला सांगितलं, मोबाईलचं हॉटस्पॉट लाव, नवीन पासवर्ड टाकून व्हीपीएन लाव, आणि बघ. तिने बघितलं, आणि फोल्डर उघडलं! हॉटस्पॉटची ही चाचणी नेहमी करावी. दोन मिनिटं लागतात, आणि दोष घरच्या नेटवर्कच्या बाजूला आहे की लॅपटॉप-खात्याच्या बाजूला, हे बऱ्यापैकी ठरून जातं. शिवाय तिच्यासारखं नशीब असेल तर काम अडत नाही.

पाचवा प्रश्न नव्हता, काम होतं. घरचं वायफाय परत लावून, व्हीपीएन जोडलेला असताना, काळ्या खिडकीत म्हणजे कमांड प्रॉम्प्टमध्ये दोन ओळी टाइप करायच्या आणि जे येईल ते कॉपी करायचं:

```
ipconfig
ping fileserver
```

पहिली ओळ लॅपटॉपला कुठले पत्ते मिळालेत ते दाखवते. दुसरी ओळ फायलींच्या सर्व्हरला हाक मारते. (प्रत्येक ऑफिसात त्या सर्व्हरचं नाव वेगळं असतं, इथे मी नाव बदललंय.)

मंगळवारचं पत्र

मंगळवारी सकाळी तिने जुन्याच तिकिटाला उत्तर म्हणून हे पाठवलं. नवीन तिकीट काढलं नाही, हेही बरोबर. तीन तिकिटं काढली की तीन माणसं वेगवेगळ्या टोकांनी सुरुवात करतात. मूळ पत्र इंग्रजीत होतं, मी मराठीत देतो.

> विषय: व्हीपीएन Connected, पण घरच्या वायफायवरून fileserver वरचं हजेरीचं फोल्डर उघडत नाही
>
> काय होतं: व्हीपीएन लागतो, Connected दिसतं. सुट्ट्यांची साइट उघडते. फोल्डर उघडताना `0x80070035 The network path was not found` येतं. स्क्रीनशॉट जोडला आहे.
>
> केव्हा: ३० तारीख, सकाळी ९:१२ आणि ९:२०, भारतीय वेळ. शुक्रवार, २६ तारखेपर्यंत व्यवस्थित होतं.
>
> काय बदललं: रविवारी, २८ तारखेला घरी नवीन ब्रॉडबँड आणि नवीन राउटर. २९ तारखेला दुपारी तुमच्याकडून पासवर्ड बदलला. नवीन पासवर्डने व्हीपीएन लागतो.
>
> काय करून बघितलं: मोबाईल हॉटस्पॉटवर फोल्डर उघडतं. घरच्या वायफायवर उघडत नाही. लॅपटॉप बंद करून चालू केला, फरक नाही. टीममधल्या इतरांना अडचण नाही.
>
> ipconfig: वायफाय `192.168.1.37`, व्हीपीएन `10.8.4.15`
>
> ping: `Pinging fileserver.corp.example [192.168.1.20]`
> `Reply from 192.168.1.37: Destination host unreachable.`
>
> काय अडलंय: आज दुपारी ४ पर्यंत कंत्राटी कामगारांच्या पगाराची यादी जायची आहे. हॉटस्पॉटवर ती करते आहे, पण मोबाईलला रेंज कमी आहे. संपर्क ऑफिसच्या मोबाईलवर, १ ते १:३० सोडून.

हे वाचायला नेटवर्कवाल्याला एक मिनिट लागलं, आणि कारण सापडायला त्याहून कमी.

त्याला काय दिसलं

घराघरांतल्या आणि ऑफिसांतल्या अंतर्गत नेटवर्कसाठी काही पत्ते राखून ठेवलेले आहेत. 1996 साली ठरलेल्या नियमाप्रमाणे `192.168` ने सुरू होणारे पत्ते त्यांतलेच. हे कोणीही आपल्या भिंतींच्या आत वापरावेत. जसं प्रत्येक गल्लीत ५ नंबरचं घर असतं, तसं हे आहे. गल्ल्या वेगळ्या आहेत तोवर गोंधळ होत नाही.

आमच्या कंपनीच्या एका जुन्या भागात फायलींचा सर्व्हर `192.168.1.20` वर होता. आणि तिच्या घरी आलेल्या नवीन राउटरने घराला नेमकी `192.168.1` हीच गल्ली दिली होती. लॅपटॉपला ‘192.168.1.20 कडे जा’ म्हटल्यावर त्याला वाटलं, हे तर आपल्याच गल्लीतलं घर! तो व्हीपीएनच्या वाटेने गेलाच नाही, घरातच शोधत बसला. घरात त्या नंबरचं कोणी नव्हतं.

पुरावा `ping` च्या दुसऱ्या ओळीत आहे. ‘पोचता येत नाही’ हे उत्तर `192.168.1.37` कडून आलंय, म्हणजे खुद्द तिच्याच लॅपटॉपकडून. व्हीपीएनच्या वाटेने जाऊन पलीकडून काहीच उत्तर आलं नसतं, तर साधारणपणे `Request timed out` दिसलं असतं. पहिल्या ओळीत सर्व्हरच्या नावासमोर त्याचा पत्ता आलाय, म्हणजे नाव शोधण्यात अडचण नव्हती. सुट्ट्यांची साइट उघडत होती, कारण ती `10` ने सुरू होणाऱ्या दुसऱ्याच गल्लीत आहे. आणि हॉटस्पॉटवर सगळं चालत होतं, कारण मोबाईल वेगळी गल्ली देतो. आयफोनचं हॉटस्पॉट `172.20.10` ने सुरू होणारे पत्ते देतं.

उपाय लहान होता. घरच्या राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन त्याचा स्वतःचा पत्ता `192.168.1.1` चा `192.168.77.1` केला. राउटर पुन्हा चालू झाला, घरातल्या सगळ्या यंत्रांना नवे पत्ते मिळाले, फोल्डर उघडलं. हे मात्र तिने ब्रॉडबँडवाल्याच्या माणसाला फोनवर धरून केलं, कारण घरच्या राउटरला हात लावायचा हेल्पडेस्कला अधिकार नसतो. कंपनीने सर्व्हरचा पत्ता बदलला असता तर अशी वेळ कोणावरच आली नसती, पण ते काम मोठं असतं, एका सकाळीत होत नाही. यादी ३ च्या आधी गेली.

दोन प्रश्न तुमच्या मनात येतील. तिला या पत्त्यांचा अर्थ कळत होता का? अजिबात नाही. कळायची गरजही नव्हती; तिने जसं दिसलं तसं लिहिलं, एवढं पुरलं. आणि नेहमी इतकं लवकर सुटतं का? नाही. कंपनीचा व्हीपीएन सर्व्हरच बंद पडला असेल तर कितीही सुंदर पत्र लिहा, तो चालू होईपर्यंत थांबावंच लागतं. तेव्हाही ‘इतरांना चालतंय का’ ही एक ओळ असली तर तुमचा पासवर्ड तरी कोणी विनाकारण बदलत नाही.

काय लिहू नये

पासवर्ड कधीच नाही. मोबाईलवर आलेला कोडही नाही. खरा हेल्पडेस्क हे मागत नाही. मागितलं तर उत्तर न देता, ऑफिसच्या यादीतल्या नंबरवर स्वतः फोन करून खात्री करा. स्क्रीनशॉट काढताना मागे उघडी असलेली पगाराची शीट, खासगी चॅट, किंवा कोडचं ॲप जोडण्याचा चौकोनी क्यूआर दिसत नाही ना, तेही बघा.

‘अर्जंट’ हा शब्दही वगळला तरी चालेल. आमच्याकडे येणारं प्रत्येक पत्र अर्जंटच असतं, त्यामुळे तो शब्द आता दिसेनासा झालाय. ‘४ वाजता कंत्राटी लोकांच्या पगाराची यादी जायची आहे’ हे वाक्य मात्र दिसतं. त्या मंगळवारी तिचं तिकीट रांगेत वर घेतलं गेलं ते त्या वाक्यामुळे.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. हेल्पडेस्कचा फोन नंबर आणि मेलचा पत्ता आजच मोबाईलमध्ये साठवून ठेवा. बऱ्याच ऑफिसांत तो फक्त आतल्या साइटवर असतो, आणि त्या साइटपर्यंत जायला व्हीपीएन लागतो.